एकाच टिकवर थांबलेला ग्रुप

सुचिता मलकापुरात राहायची, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत, आणि डबे करायची. बाहेरगावचे नोकरदार, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आलेले कारागीर, दवाखान्यात भरती असलेल्यांचे नातेवाईक, अशा लोकांचे डबे. सकाळचा स्वयंपाक आटोपला की ओट्यावर पाय दुमडून बसायचं आणि संध्याकाळी कोणाला काय हवं ते फोनवर बघायचं, असा तिचा नेम होता. सगळा व्यवहार व्हॉट्सअॅपवर. कोणी लिहायचं, आज दोन पोळ्या जास्त. कोणी लिहायचं, उद्या गावाला चाललो, डबा नको.

आणि ह्या सगळ्यावर दिवसभर धो धो कोसळायचा तो दहावीचा ग्रुप.

ग्रुप गोकुळनं काढला होता. गोकुळ म्हणजे पिंपळगाव राजाच्या शाळेतला तिचा वर्गमित्र, आता मलकापुरातच कापसाचा व्यापारी. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा आणि लवकर रुसणारा. वर्ग पांगून इतकी वर्षं झाल्यावर त्यानं एकेकाचा नंबर शोधून सगळ्यांना परत एकत्र आणलं, तेव्हा सुचिताला रडू आलं होतं. पण पहिला महिना सरला आणि ग्रुपचा बाजार झाला. पहाटेपासून गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. मग राजकारण, मग त्यावरून भांडण, मग भांडण मिटवणाऱ्यांचं भांडण. एकाचा वाढदिवस असला की केकची चित्रं संध्याकाळपर्यंत.

तिच्या मुलीनं, राखीनं, आधी साधे उपाय करून दिले. ग्रुप कायमचा म्यूट केला. मग अर्काइव्हमध्ये टाकला, म्हणजे तो यादीत वर येणार नाही. पण गोकुळला एक खोड होती. काहीही टाकलं की खाली सगळ्यांना टॅग करायचा, आणि टॅग झालं की म्यूट केलेला ग्रुपही वाजतोच. अर्काइव्हमधूनही तो खिडकीतून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखा डोकं वर काढायचा.

एका दुपारी असंच टॅगवर टॅग येत होते. सुचिता पिठाच्या हातानं ते बाजूला सारत होती, आणि त्या सारण्यात प्रतीक्षा नावाच्या मुलीचा निरोप न वाचताच सरकून गेला. प्रतीक्षाचे वडील किडनीच्या आजारानं दवाखान्यात होते. निरोप एवढाच होता: काकू, आजपासून बाबांच्या डब्यात मीठ बिलकूल टाकू नका. सुचितानं रोजच्यासारखी भाजी केली आणि डबा गेला. म्हाताऱ्यानं पहिल्या घासालाच ओळखलं आणि ताट सरकवलं, म्हणून निभावलं. प्रतीक्षा रागावलीसुद्धा नाही. ते तिचं न रागावणंच सुचिताला रात्रभर टोचत राहिलं.

"आता मी ह्या ग्रुपातून निंघते," ती सकाळी राखीला म्हणाली.

"निंघ ना मंग. आता पह्यल्यासारखं नाई राह्यलं मम्मी. तू निंघाली का फक्त अॅडमिनले समजते. बाकीच्याईले काहीच येत नाई."

"पण कोणी मेंबरची यादी उघडून पायली तं?"

"तं खाली दिसते, कोण कोण सोडून गेलं ते. दोनेक महिने दिसते."

"मंग चोरावानी काऊन जायाचं? उद्या बाजारात भेटतीन, तोंड लपवू का?"

तिच्या डोळ्यांसमोर नारायणराव होता. त्यांच्याच वर्गातला, भांडणाच्या भरात, कोणाला काही न सांगता ग्रुपातून उठून गेला. वर्ष झालं, तरी तो काऊन गेला ह्याची चर्चा संपली नव्हती. ज्याच्याशी भांडण नव्हतं त्यालाही वाटत होतं की आपल्यावर रुसून गेला. वर्गातल्याच कोकिळेच्या घरच्या पूजेचं बोलावणंसुद्धा त्याला गेलं नाही. ग्रुपवर टाकलं होतं, आणि तो ग्रुपात नव्हता, एवढंच.

सुचितानं ठरवलं, जायचं तर नीट जायचं. लग्नघरून निघताना यजमानाला सांगून निघतात तसं.

आधी गोकुळला फोन केला.

"गोकुळ, तुह्यावर राग नाई, कोणावरच नाई. पण मी ग्रुप सोडून राह्यली."

गोकुळ लगेच म्हणाला, "कोण काय बोललं तुले? नाव सांग."

"कोणीच नाई बोललं बे. माह्या डब्याचे मेसेज दबून राह्यले. एका बिमार मानसाच्या डब्यात मीठ गेलं." तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"मंग मी टॅग नाई करत. बस?"

"तू नाई करशीन तं दुसरा करन. तुह्या ग्रुपले कायले कुलूप लावू मी? तुमी बोला, हासा. मले फक्त लग्नकार्य, दुःखाची बातमी, असं काही असलं तं फोन करजो. आपली महामाया पन सांगते म्हनते मले."

गोकुळ हुं म्हणाला. त्या हुंकारात रुसवा होता, पण फार खोल नाही. शेवटी त्यानंच वेळ सुचवली. "आता नको निंघू. कोकिळेच्या बापाचं तेरवं हाय ह्या हप्त्यात, सगळे तिले धीर देऊन राह्यले. त्याच्यात तू निंघाली तं बरं नाई दिसत. आयतवारी सांजच्याले टाक. त्या येळी ग्रुप थंडा असते."

"हाव. आन् मले परत अॅड नको करू मस्करीत."

"नाई करत," तो म्हणाला, आणि मग वेगळ्याच आवाजात, "सुचे... तू गेली तं तिच्या जवळचं कोनीच नाई राह्यत ग्रुपात."

ती म्हणजे कोण, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही.

संजीवनी. सुचिताच्या शेजारी बसणारी, शाळेच्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत. लग्न होऊन वरवट बकालला गेली, शेतात राहायला. दिवाळीच्या तोंडावर तापानं फणफणली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली. तिचं नाव मात्र ग्रुपात होतं तसंच होतं. शेतातल्या ज्वारीच्या उंच ताटाशेजारी उभी, डोळे उन्हानं बारीक केलेले, असा छोटा गोल फोटो. गोकुळच्यानं तिला काढणं झालं नव्हतं. "तिच्या नावावर बोट ठेवतो, रिमूव्ह असं येते, आन् हात मांगं येते," असं त्यानं एकदा सांगितलं होतं.

आणि एक गोष्ट फक्त सुचिताच्या ध्यानात आली होती. ग्रुपमध्ये निरोप सगळ्यांच्या फोनवर पोचल्याशिवाय त्याच्यापुढे दुसरी टिक उमटत नाही. एक जरी फोन बंद असला, तरी निरोप एका टिकवरच थांबतो. संजीवनी गेली त्या दिवसापासून ह्या ग्रुपात कोणाच्याही कुठल्याही निरोपाला दुसरी टिक आली नव्हती. फुलं, भांडणं, केक, श्रद्धांजल्या, सगळं एका टिकवर उभं. लोकांना ते दिसतही नव्हतं. सुचिता मात्र कधी कधी काहीच न वाचता नुसत्या आपल्या निरोपांपुढच्या टिका बघत बसायची. एवढ्या गलबल्यात कोणीतरी तिची वाट बघत थांबलंय, असं वाटायचं.

मग तिनं जवळच्या मैत्रिणींना एकेकीला वेगळं लिहिलं. कोकिळेला लिहिलं की तेरव्याला मी घरी येते. महामायेला लिहिलं की तू माझा कान हो. आणि लिहिता लिहिता बोट संजीवनीच्या नावावर गेलं. संजीवनीला टायपिंगचा कंटाळा, ती सगळं आवाजातच पाठवायची. शेवटचा आवाज दसऱ्यानंतरचा होता: "सुचे, तुरी फुलावर आल्या. यंदाची डाळ पाय कशी हुते ते." त्याच्याखाली सुचितानं लिहिलं, "संजे, मी ग्रुप सोडून राह्यली. तुले नाई सोडून राह्यली."

एक टिक.

त्या रविवारी सुचिता वरवट बकालला गेली ती वर्षाची डाळ बघायला. दर साल संजीवनीच धाडायची, तुरीच्या डाळीचं कट्ट, म्हणजे छोटं पोतं, बसमध्ये ठेवून. ह्या वेळी तिच्या सासूचा, रुक्मिणीबाईंचा फोन आला. "तिच्या हातचं असतं तं म्या कायले बोलावलं असतं माय? आता तूच ये. पायून घे."

घर गावाबाहेर, रस्त्याला लागूनच, शेतात. समोर डांबरी सडक, सडकेच्या पलीकडे एक कडुनिंब आणि त्याखाली बस थांबते तो दगडी ओटा. सुचिता दुपारी पोचली. खळ्यावर तुरी काढून झाल्या होत्या, कुटाराची, तुरीच्या भुशाची, गोडसर धूळ हवेत तरंगत होती. संजीवनीचा नवरा उकंडराव अंगणात डाळीचं कट्ट शिवत बसला होता. त्याची दाढी वाढली होती.

"या ताई," एवढंच म्हणाला.

रुक्मिणीबाईंनी चहा ठेवला. आतल्या खोलीत भिंतीला संजीवनीचा फोटो, त्याला शेवंतीचा सुकलेला हार, आणि फोटोखालच्या फळीवर तिचा फोन. पडद्याला कोपऱ्यात तडा गेलेला. सुचिताची नजर तिथंच अडकली, ते उकंडरावानं पाहिलं.

"बंद हाय तो," तो म्हणाला. "तवापासूनच बंद हाय. चार्ज नाई केला. चालू केला तं तिचे आवाज असतीन त्याच्यात... मले नाई होत ताई."

"राहू द्या भाऊजी."

"आई म्हनते, कोनाले देऊन टाक. कसा देऊ?"

सुचितानं हळूच तो फोन हातात घेतला. थंडगार. बाजूचं बटन दाबून धरलं. काही नाही. काळ्या काचेत तिचाच चेहरा, आणि मागे दाराचा उजेड. तिनं पदरानं काच पुसली आणि फोन परत फळीवर ठेवला, पालथा नाही, उताणा.

दिवस कलू लागला तसा उकंडरावानं गाडीला किक मारली. रुक्मिणीबाईंना गावात डॉक्टरकडं न्यायचं होतं, डोळ्यांत औषध घालायला. डाळ उद्या टेम्पोनं येणार होती. म्हातारीनं दाराला कडी घातली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि सुचिताच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"बस येईनच आता. उभी राह्य थितं निंबाखाली. आन् माय, येत जा अशी. घर लय मोठं झालं आता."

गाडी गेली. तिचा आवाज लांबवर हरभऱ्याच्या शेतांवरून जात जात मिटला.

सुचिता ओट्यावर बसली. पौषातली संध्याकाळ, गार. सातपुड्याचा डोंगर निळा होऊन मग करडा झाला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोर ते कुलूपबंद घर, त्याची एकच खिडकी, तिच्या मागे ती फळी. कुठंतरी तुराट्या, तुरीची वाळलेली धाटं, पेटवल्या होत्या, त्याचा धूर जमिनीलगत सरकत येत होता.

गोकुळनं सांगितलेली वेळ हीच. तिनं फोन काढला. ग्रुप खरोखर थंड होता. सकाळची फुलं, त्यावर तिचे आणि इतरांचे हात जोडलेले, बस. मनात घोळवून ठेवलेलं तिनं लिहून काढलं:

"सगळ्यांले राम राम. माह्या डब्याचं काम वाढलं, मेसेज दबून राह्यले, म्हनून मी ग्रुपातून निंघून राह्यली. कोणावर राग नाई. तुमच्यामुळं शाळा परत भेटली, गोकुळचे उपकार हायेत. माहा नंबर तोच हाय, कधीबी फोन करा, अन् मलकापूरले आले तं जेवल्याबिगर जाऊ नका."

एकदा वाचलं. टोमणा वाटेल असं काही नव्हतं, समजूत काढायला या असंही काही नव्हतं. पाठवलं.

एक टिक.

लगेच निघायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. निरोप टाकून दार आपटल्यासारखं होतं ते. लोकांना दोन शब्द बोलू द्यायचे. ते येऊ लागले. महामायेचं लाल बदाम. कोकिळेचं, "सुखी राह्य बाई." रामराव, जो कधीच काही लिहीत नसे, त्यानं लिहिलं, "डबा खायाले नक्की येऊ." गोकुळनं नुसता हात वर केलेला माणूस टाकला. सुचिता हसली. डोळे भरले तेव्हा पडदा धूसर झाला, तिनं पुसले, आणि परत पाहिलं तर तिच्या निरोपापुढे दोन टिका होत्या.

ती बघत राहिली.

वरचे निरोप पाहिले. सकाळच्या फुलांखाली तिनं टाकलेलं नमस्काराचं चित्र होतं. त्यालाही दोन. कालचं, परवाचं... दोन, दोन. जणू कुठंतरी एक फोन उघडला होता आणि इतके दिवस दारात तिष्ठत बसलेलं सगळं एकदम आत गेलं होतं.

तिनं आपल्या निरोपावर बोट दाबून धरलं. माहिती उघडली. कोणी वाचलं, त्यांची यादी.

महामाया. कोकिळा. रामराव. गोकुळ. आणि सगळ्यांत वर, ज्वारीच्या ताटाशेजारी, डोळे उन्हानं बारीक केलेली...

सुचितानं मान वर केली. समोर घर. कुलूप दिसत होतं, कडीला लोंबणारं. खिडकीत अंधार. गावाकडं कुत्री भुंकत होती. धूर रस्त्यावर येऊन तिथंच बसला होता.

भीती वाटली. नाही असं नाही. पण त्या भीतीच्या खाली, तिच्याहून जुनं, दुसरं काहीतरी होतं. ते म्हणत होतं, वाच. वाचलंस ना संजे? अजून वाच.

ती परत ग्रुपात आली. वर, ग्रुपच्या नावाखाली, बारीक अक्षरं उमटली.

संजीवनी रेकॉर्ड करत आहे...

सुचितानं फोन दोन्ही हातांनी धरला. कान दिले, फोनकडं नाही, घराकडं. तिथून काही ऐकू येत नव्हतं. आणि तरी असं वाटत होतं की त्या भिंतींच्या आत कोणीतरी अगदी हळू बोलतंय, कोणाला उठवायचं नाही अशा बेतानं. अक्षरं तशीच राहिली. मिटली. परत उमटली. त्याच वेळी गावाकडची कुत्री गप्प झाली. लिहिलेलं पाठवण्याआधी माणूस पुसतो नाही का, तशी ती बोलण्याआधी थांबत असावी.

मग अक्षरं गेली. निरोप काही आला नाही.

सुचिता वाट बघत राहिली. अंधार निंबाच्या फांद्यांतून खाली उतरला. रामरावानं परत लिहिलं, "सुचिता, हायेस का गेली?" तिला वाटलं, आपण आता निघालो नाही तर कधीच निघणार नाही. ह्या दगडावर बसून राहू, ती अक्षरं परत यायची वाट बघत. आणि मग तिला दुसरंही वाटलं, आणि ते जास्त लागलं. आपण सगळ्यांना सांगून निघालो. यजमानाला, मैत्रिणींना, सगळ्यांना. संजीवनीला मात्र कोणी काही सांगायला, बोलायला वेळच दिला नव्हता. तापात गेली. हिचा निरोप कोणी घेतला नाही, हिनं कोणाचा घेतला नाही. म्हणून ही अजून मेंबर आहे. ह्या एवढ्या गलबल्यात एकटी, कोणी निघ म्हणायची वाट बघत.

"चाल संजे," ती तोंडानं म्हणाली. आवाज तिला स्वतःलाही परका वाटला. "मी निंघते. तूबी नको थांबू आता. चाल."

तिनं ग्रुपचं नाव दाबलं, खाली सरकवत नेलं. लाल अक्षरांत: ग्रुपमधून बाहेर पडा. फोननं विचारलं, नक्की का. फक्त अॅडमिनना कळवलं जाईल. तिनं हो म्हटलं.

एवढंच. आवाज नाही, काही नाही. खाली लिहिण्याची जागा गेली आणि तिथं एक ओळ आली, की आता तुम्ही ह्या ग्रुपात नाही.

दूर वळणावर बसचे दिवे दिसले, दोन पिवळे ठिपके, धुरात पसरलेले. सुचिता उठली. पिशवी उचलली. तेवढ्यात फोन वाजला. गोकुळ.

"सुचे," तो म्हणाला, आणि थांबला. त्याच्या मोठ्या आवाजाचं काय झालं होतं कोण जाणे. "तू... उकंडरावच्या घरी हायेस का?"

"बाहेर हाय. बसले थांबली. काऊन?"

"त्याले सांग ना. असं नको करू म्हना. मले समजते त्याचं दुःख, पन असं... लोकं घाबरून राह्यले."

"काय केलं भाऊजीनं?"

"तू निंघाली. मले दिसलं, सुचिता गेली. आन् लगेच ग्रुपवर आवाज आला एक. तुले नसन आला, तू बाहेर होती. संजीवनीच्या नंबरवरून." तो भराभर बोलू लागला. "तिचाच आवाज हाय बे. जुनं काही रेकॉर्डिंग असन, त्यानं टाकलं असन. आन् ते झालं का तीबी गेली. संजीवनी गेली, असं आलं मले. तुह्या मागोमाग."

"गोकुळ," सुचिता म्हणाली, "भाऊजी गावात गेले. मावशीले घेऊन. घराले कुलूप हाय. फोन आत हाय, बंद हाय. म्या दुपारी हातानं दाबून पायला."

"कुलूप हाय?" गोकुळनं विचारलं.

"आयकव मले," ती म्हणाली.

"नको सुचे."

"आयकव."

खुडबुड झाली. त्यानं दुसरा फोन ह्या फोनाशी धरला असावा. आधी नुसती खरखर, वारा वाहतो तशी. मग ती. तीच, घाईत नसलेली, जरा हसू दाबलेली.

"राम राम सगळ्यांले... मीबी निंघून राह्यली आता. लय दिवस बसली तुमच्यात, बोलता नाई आलं. कोणावर राग नाई माहा. आमच्या घरच्याईले कोणी भेटलं तं सांगा, का जेवत जा येळेवर." मध्ये थोडी शांतता. त्या शांततेत, अगदी मागे, कुत्री भुंकायची थांबली. "चाला मंग. सुचितानं आवाज देल्ला. बाहेर निंबाखाली उभी हाय, तिले जास्त थांबवनं बरं नाई."

खरखर बंद झाली.

"सुचे?" गोकुळ म्हणत होता. "आयकलं? हे जुनं कसं असन बे? सुचे, तू निंबाखाली हायेस का?"

बस जवळ आली. दिव्यांचा झोत रस्त्यावरून सरकत ओट्यावर आला, तिच्या पायांवर, पिशवीवर. ड्रायव्हरनं वेग कमी केला. हात केला असता तर थांबली असती.

सुचितानं हात केला नाही. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि गाडी समोरून जाऊ दिली. धूळ उडाली, लाल दिवा लांब गेला, आणि परत अंधार मिटून आला. आणि त्या अंधारात, रस्त्याच्या पलीकडे, आतून कोणीतरी दाराची कडी काढली.

"सुचे, बस भेटली का?" गोकुळ विचारत होता. "बोल ना काही..."

"थांब जरा," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, कितीतरी दिवसांनी आलेलं. "चपला घालून राह्यली ती."